आलेला पैसा कोणत्या बिलाचा?

सांगलीतल्या ज्या घाऊक दुकानात मी हिशेबाला लागले, तिथे पीव्हीसी पाईप, फिटिंग, नळ आणि पाण्याच्या टाक्यांचा व्यापार होता. गिऱ्हाइकं म्हणजे कराड, विटा, तासगाव, जत इथले छोटे दुकानदार. माल तीस दिवसांच्या बोलीवर उधार जायचा. पैसे मात्र बिलागणिक क्वचितच यायचे. कुणी पन्नास हजार पाठवायचा, कुणी लाखाचा चेक द्यायचा, कुणी बाजारच्या दिवशी गल्ल्यातले उरलेले वीस हजार ऑनलाइन टाकायचा. गावोगावच्या व्यापाराची रीतच ती. गिऱ्हाइकाच्या मनात एक खातं असतं आणि त्या खात्यावर तो ‘रक्कम सोडतो’. ती रक्कम कोणत्या बिलाची, हे ठरवायचं काम माल देणाऱ्याच्या मुनिमावर येतं.

आमच्या दुकानात ते कुणीच ठरवत नव्हतं. टॅलीत पावती करताना पार्टीच्या नावापुढे रक्कम टाकली की `Bill-wise Details` असा एक छोटा पडदा उघडतो आणि ही रक्कम कशापोटी आली, ते तिथे विचारलं जातं. त्यात चार पर्याय असतात: `Advance`, `Agst Ref`, `New Ref` आणि `On Account`. वर्षानुवर्षं प्रत्येक पावती `On Account` मध्ये टाकून मोकळं व्हायचं, अशी तिथली पद्धत होती. खात्याची शिल्लक बरोबर यायची, बँक जुळायची, म्हणून कुणाला त्यात वावगं दिसलं नाही.

कराडच्या एका दुकानदारामुळे ते दिसलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याने सुमारे अठ्ठावीस हजारांच्या मालाची ऑर्डर दिली. गोदामात असा नियम होता की ज्याचं बिल तारखेपासून नव्वद दिवसांच्या वर उघडं असेल त्याचा माल शेठना विचारल्याशिवाय गाडीत चढवायचा नाही. थकबाकीच्या यादीत त्याचं एप्रिलचं बिल उघडं दिसत होतं, शंभरावर दिवस झालेले. शेठ परगावी होते. माल थांबला. संध्याकाळी त्याचा फोन आला. “ताई, माझेच पैसे तुमच्याकडे पडून आहेत, आणि माल मलाच नाही?” मी खातं उघडलं. तो म्हणत होता ते अक्षरशः खरं होतं. त्याच्याकडून आमचं काही येणं नव्हतं, उलट त्याचेच पंधरा हजारांहून अधिक आमच्याकडे जास्त जमा होते. त्याने तो माल कोल्हापुरातून उचलला आणि पुढेही तिथूनच घेत राहिला. शिल्लक बरोबर असूनही हिशेब चुकीचा असू शकतो, हे मी त्या खात्यावर शिकले. म्हणून तेच खातं इथे उलगडून सांगते.

त्याची चार बिलं उघडी होती. बिल क्रमांक 118, 12 एप्रिलचं, ₹38,400 चं. क्रमांक 164, 3 मेचं, ₹52,750 चं. क्रमांक 207, 29 मेचं, ₹21,300 चं. आणि क्रमांक 251, 18 जूनचं, ₹46,900 चं. एकूण येणं ₹1,59,350. त्याने 5 जुलैला ₹1,00,000 पाठवले आणि 22 जुलैला ₹75,000.

आता पहिले एक लाख सर्वांत जुन्या बिलापासून लावत जाऊ. प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा: हातात उरलेली रक्कम कमी, की बिलाची बाकी कमी? जे कमी असेल तेवढं त्या बिलाला लावायचं आणि उरलेलं घेऊन पुढच्या बिलाकडे जायचं. 118 ला त्याचे पूर्ण ₹38,400 लागले, हातात ₹61,600 राहिले. 164 ला पूर्ण ₹52,750 लागले, हातात ₹8,850 राहिले. 207 ची बाकी ₹21,300, म्हणजे हातातल्या रकमेपेक्षा जास्त. म्हणून तिथे ₹8,850 लागले आणि ते बिल ₹12,450 नी उघडं राहिलं. 251 ला काहीच पोचलं नाही. उघडी बाकी ₹12,450 आणि ₹46,900, मिळून ₹59,350. मूळ येण्यातून एक लाख वजा केले तरी हाच आकडा येतो. वाटणी बरोबर झाली की नाही, हे तपासण्याची खूण हीच.

बावीस जुलैच्या पंचाहत्तर हजारांतून 207 चे उरलेले ₹12,450 फिटले, 251 चे ₹46,900 फिटले आणि ₹15,650 उरले. उरलेले पैसे लावायला एकही उघडं बिल नाही. ही रक्कम त्या गिऱ्हाइकाची आगाऊ जमा. ती `Advance` म्हणून, स्वतःचं नाव आणि तारीख देऊन नोंदवायची. ऑगस्टमध्ये त्याला 302 क्रमांकाचं ₹27,800 चं बिल गेलं असतं, तर बिल करतानाच त्या पडद्यावर `Agst Ref` घेऊन ही आगाऊ रक्कम तिथे वळती केली असती आणि नवं येणं फक्त ₹12,150 दिसलं असतं.

यातलं काहीच झालं नव्हतं. पुस्तकात एका बाजूला चार बिलं पूर्णच्या पूर्ण उघडी, आणि दुसऱ्या बाजूला `On Account` चे ₹1,75,000 कोणत्याही बिलाशी न जोडलेले. वजाबाकी केली की उत्तर बरोबर. पण वयाची यादी वजाबाकी करत नाही, ती एकेक बिल पाहते. पहिल्या पावतीलाच फिटायला हवं होतं ते बिल त्या यादीत दररोज एका दिवसाने म्हातारं होत राहिलं. माल द्यायचा की अडवायचा, तगादा कुणाकडे लावायचा, व्याज कुणाला आकारायचं, हे सगळं दुकानात वयावरून ठरतं.

म्हणून नवीन माणसाला मी पहिली गोष्ट सांगते ती अशी: पावती करताना वाटणी त्याच दिवशी, त्याच पडद्यावर पूर्ण करायची. “आत्ता जमा करून ठेवू, महिनाअखेर लावू” यात धोका असा की महिनाअखेरीपर्यंत आणखी पावत्या येतात, एखादी क्रेडिट नोट निघते, आणि कुठली रक्कम कशाची हे सांगणारा माणूस रजेवर असतो. `Agst Ref` निवडल्यावर त्या पार्टीची उघडी बिलं समोर येतात. वरून खाली उचलत जायचं. त्याआधी पार्टीच्या खात्यात बिलवार शिल्लक ठेवण्याची सोय, म्हणजे `Maintain balances bill-by-bill`, चालू आहे ना ते पाहायचं. ती बंद असेल तर हा पडदा उघडतच नाही आणि सगळी मेहनत सुरुवातीलाच वाया जाते. `On Account` मी अगदीच एका प्रसंगी वापरते: पैसे बँकेत दिसतात, पार्टी कळली आहे, पण काही खुलासा यायचा आहे. तो आला की लगेच ती पावती उघडून दुरुस्त करते. प्रत्येक शनिवारी `On Account` मध्ये काय उरलं आहे ते पाहायचं, आणि तिथे काही राहू द्यायचं नाही.

आता जुन्यापासून लावण्याच्या नियमालाही एक मर्यादा आहे, आणि ती बऱ्याच मुनिमांना माहीत नसते. पैसे कोणत्या देण्याचे, हे सांगण्याचा पहिला हक्क देणाऱ्याचा. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 59 प्रमाणे देणेकऱ्याने स्पष्ट सांगितलं असेल, किंवा परिस्थितीवरूनच कळत असेल की ही रक्कम अमुक देण्याची आहे, तर ती स्वीकारणाऱ्याला तिथेच लावावी लागते. याच कलमाखालचं एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. एकाचं दुसऱ्याला इतर देण्यांबरोबर 567 रुपये देणं आहे. दुसरा पत्र पाठवून तेवढीच रक्कम मागतो, पहिला 567 रुपये पाठवतो. ते त्याच देण्याचे धरायचे.

याचा व्यवहारातला अर्थ असा: जुन्यापासून वाटायला घेण्याआधी आलेला आकडा एखाद्या बिलाच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो का, ते पाहायचं. कराडच्या त्या दुकानदाराने लाखाऐवजी नेमके ₹46,900 पाठवले असते, तर ते जूनच्या 251 चे धरायला हवे होते, मग एप्रिलचं 118 उघडं का असेना. असे ‘सुटे’ आकडे बोलतात. गोल आकडा, म्हणजे पन्नास हजार किंवा लाख, बहुधा खात्यावर सोडलेला असतो. ₹46,900 कुणी खात्यावर सोडत नाही. आणि जुनं बिल वगळून त्याने नवंच का फेडलं, ही विचारण्यासारखी गोष्ट असते. बहुतेक वेळा उत्तर निघतं की त्या जुन्या बिलातल्या मालाची तक्रार आहे, फुटलेलं फिटिंग परत घेतलं नाही किंवा दर चुकला आहे. ती तक्रार जुन्या बिलाच्या वयात लपून बसलेली असते.

देणेकऱ्याने काहीच सांगितलं नसेल आणि परिस्थितीवरूनही काही कळत नसेल, तर कलम 60 प्रमाणे निवड घेणेकऱ्याची. तो ती रक्कम कोणत्याही कायदेशीर आणि देय झालेल्या देण्याला लावू शकतो, अगदी मुदतबाह्य झालेल्या देण्यालाही. आणि दोघांनीही काही ठरवलं नाही, तर कलम 61 प्रमाणे काळाच्या क्रमाने, म्हणजे जुन्यापासून. एकाच वेळची दोन देणी असतील तर दोघांना प्रमाणात. चालत्या खात्यात आधी आलेल्या पैशाने आधीचं देणं फिटतं, हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1816 च्या ‘क्लेटन’च्या खटल्यापासून प्रसिद्ध आहे. आमच्या बाजारपेठेत तर लोक कायदा न वाचताही हेच करत आले.

कलम 60 मधला ‘देय झालेल्या’ हा भाग मात्र विसरू नये. ‘जुनं’ कशावरून ठरवायचं, बिलाच्या तारखेवरून की देय तारखेवरून? सगळ्या बिलांना एकच मुदत असेल तर दोन्ही क्रम सारखेच. पण दिवाळीच्या योजनेत टाक्या साठ दिवसांच्या बोलीवर दिल्या आणि नंतरचे पाईप पंधरा दिवसांच्या, तर क्रम उलटतो. बिलाच्या तारखेप्रमाणे गेलं तर अजून देय न झालेल्या टाक्यांच्या बिलावर पैसे जातात आणि पाईपचं थकलेलं बिल तसंच राहतं. अशा दुकानात मी देय तारीख धरते. काही मुनीम बिलाची तारीखच बरी म्हणतात, कारण गिऱ्हाइकाच्या वहीत तीच असते. त्यांचं म्हणणं समजतं, पण तिथे माल अडवण्याचा निर्णय देय तारखेवर होतो, तर वाटणीही त्याच तारखेवर असावी असं माझं मत आहे. जे काही ठरवाल ते सगळ्या पार्ट्यांना एकच ठेवा.

गिऱ्हाइकाने सांगितलेलं न वाचण्याची किंमत किती असते, ते मी शेजारच्या गाळ्यातल्या एका व्यवसायात पाहिलं. तिथे एक बांधकाम ठेकेदार मोठं गिऱ्हाईक होता. त्याच्या कार्यालयातून प्रत्येक रकमेबरोबर एक पत्र यायचं, त्यात बिलांचे क्रमांक लिहिलेले. इकडे ते पत्र फाईलला लागायचं आणि रक्कम जायची सरसकट खात्यावर. दर महिन्याला पैसे येत होते, म्हणून सगळ्यांचा समज असा की जुनं सगळं फिटत चाललं आहे, बाकी आहे ती ताज्या मालाची. प्रत्यक्षात ठेकेदाराने एक जुनं बिल तक्रारीमुळे मुद्दाम बाजूला ठेवलं होतं, आणि प्रत्येक पत्रात ते वगळून पुढचे क्रमांक दिले होते. तीन वर्षं उलटून गेल्यावर खातं मिळवायला बसले तेव्हा ते उघड झालं.

उधारीची मुदत ठरलेली असेल तर मालाच्या किमतीच्या दाव्याला मुदत कायद्याप्रमाणे ती मुदत संपल्यापासून तीन वर्षं मिळतात. देणेकऱ्याने त्या देण्यापोटी मुदतीच्या आत काही रक्कम दिली आणि त्याच्या सहीचा लेखी पुरावा असेल, तर कलम 19 प्रमाणे तिथून नवी मुदत सुरू होते. पण इथे दिलेली प्रत्येक रक्कम दुसऱ्याच बिलाची आहे, असं ठेकेदाराच्या कागदावर स्पष्ट होतं. त्यामुळे ‘पैसे तर येतच होते’ हा मुद्दा त्यांना तारू शकला नाही. वाटणी पत्राप्रमाणे केली असती तर ते बिल पहिल्याच तिमाहीत यादीत एकटं उभं राहिलं असतं, आणि तक्रार तेव्हाच मिटवता आली असती.

म्हणून प्रत्येक पावतीच्या वेळी गिऱ्हाइकाचा निरोप पाहायचा: चेकच्या मागे लिहिलंय का, ऑनलाइन रकमेच्या शेऱ्यात क्रमांक आहे का, व्हॉट्सॲपवर काही आलंय का. आणि निरोप नसेल तर आपण केलेली वाटणी त्याला कळवायची. “आपले ₹1,00,000 मिळाले. बिल 118 आणि 164 पूर्ण जमा, 207 पैकी ₹8,850 जमा, 207 ची बाकी ₹12,450” एवढा एक संदेश पुरतो. हे ऐकून गिऱ्हाईक कधी म्हणतो, “अहो ताई, 164 मधले दोन बॉल व्हॉल्व्ह परत दिलेत.” ते त्याच दिवशी कळतं. एकदा वाटणी कळवली की मग आपल्या सोयीने परस्पर बदलायची नाही. बदल हवा असेल तर दोघांच्या संमतीने, लेखी.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही जुनं बिल फिटणं महत्त्वाचं असतं. जीएसटीत खरेदीदाराने बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर त्याने घेतलेली इनपुट क्रेडिट व्याजासह परत करावी लागते. आपण वर्षाअखेर त्याला खातेउतारा पाठवला आणि त्यात फिटलेलं बिल उघडं दिसलं, तर त्याचा सनदी लेखापाल त्यालाच प्रश्न विचारतो.

जुन्यापासून लावण्याच्या पद्धतीत एक दोष आहे, आणि तो मला सगळ्यांत जास्त सांभाळावा लागतो. ही पद्धत छोट्या तुटी पुढे ढकलते. समजा आपण बसवणुकीचं काम केलं. मजुरी ₹50,000, त्यावर जीएसटी ₹9,000, बिल ₹59,000 चं. गिऱ्हाइकाने मजुरीवर दोन टक्के करकपात केली आणि ₹58,000 पाठवले. कापलेले ₹1,000 सरकारजमा होऊन आपल्या नावे दिसतात, ते त्याच्याकडून आपलं येणं नाही. पण आपण करकपातीची नोंद केली नाही, तर बिलावर ₹1,000 उघडे राहतात. पुढच्या महिन्यात तसंच दुसरं बिल, पुन्हा ₹58,000. जुन्यापासून लावायचं म्हणून त्यातले ₹1,000 आधी पहिल्या बिलाला जातात आणि दुसऱ्या बिलावर ₹2,000 उघडे राहतात. तिसऱ्यावर ₹3,000. वर्षाअखेर शेवटच्या बिलावर ₹12,000 ची तूट दिसते आणि आधीची अकरा बिलं पूर्ण फिटलेली. गिऱ्हाईक शपथेवर सांगतो की शेवटचं बिल मी पूर्ण दिलं. तोही खरा असतो.

हे ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या पार्टीची बाकी नेहमी अगदी ताज्या बिलावरच असते आणि दर महिन्याला सारख्याच रकमेने वाढते, तर ती थकबाकी नव्हे, नोंद न झालेली कपात आहे. उपाय असा की पैसे वाटण्याआधी त्या बिलाशी जोडलेली करकपात, परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट आणि कबूल केलेली रोख सूट त्याच बिलाला लावून घ्यायची. मग बिल नेमकं शून्यावर येतं आणि आलेला पैसा पुढे सरकण्यासाठी मोकळा होतो. क्रेडिट नोटही सुटी सोडू नये. ती ज्या बिलातल्या मालाची, त्याच बिलावर लावावी.

परत आलेल्या चेकबद्दलही थोडं सांगते, कारण तिथे जुनं येणं नकळत तरुण होतं. पाच जुलैच्या लाखाचा चेक 11 जुलैला न वटता परत आला, तर कित्येक जण पार्टीला त्या तारखेने लाख रुपये नावे टाकतात आणि `New Ref` देतात. झालं, एप्रिलचं देणं जुलैचं झालं. वयाच्या यादीत तो माणूस एकदम चांगला दिसू लागतो. नेमका चेक न वटणारा माणूस! योग्य नोंद म्हणजे जी वाटणी झाली होती तीच उलट फिरवायची. 118 ला ₹38,400, 164 ला ₹52,750, 207 ला ₹8,850 पुन्हा नावे, त्याच क्रमांकांवर. मग बिलं आपापल्या मूळ वयासह परत उघडतात. बँकेचे चेक परतीचे पैसे गिऱ्हाइकाला लावायचे असतील तर ती वेगळी नोंद, वेगळ्या क्रमांकाने.

आता उरलेल्या पैशांकडे. जास्तीची रक्कम दिसली की मी आधी ती का आली ते पाहते. ती एखाद्या फिटलेल्या बिलाएवढीच भरली तर बहुधा दोनदा पैसे गेले आहेत. त्याच्या कारकुनाने एकदा चेक दिला आणि मालकाने मोबाईलवरून पुन्हा पाठवले. अशा वेळी गप्प बसून पुढच्या बिलात वळवायचं नाही, लगेच फोन करायचा. तो म्हणाला “राहू द्या, पुढच्या मालात घ्या” तर आगाऊ जमा, “परत पाठवा” तर परत. पैसे त्याचे आहेत, म्हणून ठरवायचं त्याने. कधी आणखी साधं कारण निघतं: सारख्या नावाच्या दोन पार्ट्या, आणि विट्याच्या दुकानाचे पैसे तासगावच्या खात्यात जमा झालेले. त्यासाठी बँकेच्या उताऱ्यातला यूटीआर क्रमांक आणि पाठवणाऱ्याचं नाव पावतीच्या शेऱ्यात लिहिण्याची सवय कामाला येते.

आगाऊ रक्कम विक्री नाही. माल गेलेला नाही, म्हणून ती उत्पन्नात येत नाही, ते आपलं देणं आहे. जीएसटीच्या दृष्टीने मालासाठी घेतलेल्या आगाऊ रकमेवर कर भरावा लागत नाही. नोव्हेंबर 2017 पासून ती सवलत आहे, कर बिल काढताना लागतो. सेवेचं मात्र तसं नाही. बसवणुकीच्या किंवा दुरुस्तीच्या पुढच्या कामासाठी पैसे आधी घेतले तर कर रक्कम मिळतानाच देय होतो आणि पावती व्हाउचर काढावं लागतं. काम न होता पैसे परत केले तर परतावा व्हाउचर. किरकोळ जास्तीसाठी कायद्यातच एक सोय आहे: बिलापेक्षा ₹1,000 पर्यंत जास्त आले, तर त्या जास्तीच्या भागासाठी पुरवठ्याची वेळ पुढचं बिल काढण्याची तारीख धरता येते. गोल आकडा पाठवणाऱ्या गिऱ्हाइकांच्या बाबतीत ही सोय उपयोगी पडते.

आगाऊ रकमेला नाव देताना मी पावतीचा क्रमांक आणि तारीख दोन्ही वापरते, नुसतं ‘ॲडव्हान्स’ लिहीत नाही. एकाच पार्टीच्या दोन आगाऊ रकमा एकाच नावाखाली गेल्या, तर कोणती किती वापरली ते नंतर कळत नाही. आणि त्या आपोआप पुढच्या बिलाला लागत नाहीत, हेही लक्षात ठेवावं लागतं. बिल करणारा माणूस त्या पडद्यावर `New Ref` देऊन पुढे गेला, तर पूर्ण बिल उघडं आणि आगाऊ रक्कम शेजारी तशीच पडून, म्हणजे कराडच्या खात्याचीच गत. म्हणून बिल करणाऱ्याला सांगून ठेवायचं की पार्टीच्या नावापुढे जमा शिल्लक दिसली की थांबायचं आणि आधी ती रक्कम `Agst Ref` ने लावायची.

एकतीस मार्चला या रकमा वेगळ्या काढाव्या लागतात. एका गिऱ्हाइकाकडून ₹59,350 येणं आणि दुसऱ्याची ₹15,650 आगाऊ जमा असेल, तर ताळेबंदात ₹43,700 येणं दाखवायचं नाही. येणं ₹59,350 च, आणि ₹15,650 देण्यांच्या बाजूला, ग्राहकांकडून आलेली आगाऊ रक्कम म्हणून. बँकेला उधारीवर कर्जाची मर्यादा ठरवताना येणं किती आणि किती जुनं, हे दोन्ही हवं असतं, आणि जमा शिल्लक त्यात मिसळली तर दोन्ही आकडे बिघडतात. त्याच आठवड्यात मी सगळ्या जमा शिलकींची यादी काढून त्या पार्ट्यांना एकेक संदेश पाठवते: आपले इतके रुपये आमच्याकडे जमा आहेत, माल घेणार की परत पाठवू? बरेच जण मालच घेतात. काहींना त्या पैशांची आठवणही नसते, त्यांचा खाते क्रमांक घेऊन रक्कम परत पाठवते आणि ती नोंद त्याच आगाऊ रकमेच्या नावावर टाकून तिथे शून्य करते.